नोकरी सुटली, सत्तरी दूर : मधल्या वर्षांत दवाखान्याचा खर्च कोण देणार?

कुरुंद्याच्या वस्तीतले आमचे एक काका वाळूजच्या कारखान्यात नोकरी करून यंदा अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि गावी परतले. वंदनेनंतर विहारात बसलो असताना ते म्हणाले, "ताई, आता सत्तरीचं आयुष्मान कार्ड हाय की, काळजी कशाची?" आम्ही हिशेब मांडला, तेव्हा काकू गप्प झाल्या.

ज्याच्या आधारवर सत्तर वर्षे पूर्ण आहेत, त्याला आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली. उत्पन्नाची अट नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी थांबावे लागत नाही. पण काकांना सत्तरी गाठायला बारा वर्षे आहेत. काकू त्यांच्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे त्यांना सोळा वर्षे. काकांचे कार्ड निघाले तरी त्यावर काकूंचा उपचार होणार नाही, कारण हे कार्ड सत्तरी गाठलेल्या माणसाचेच असते. घराचा हिशेब धरताना धाकट्याचे वय धरा.

आधारवरची तारीखही आताच पाहून घ्या. आपल्याकडे शाळेत नाव घालताना अंदाजे जन्मतारीख लिहायची रीत होती. आधारवर वय कमी लागले असेल, तर कार्डही तितके उशिरा मिळेल. जन्मतारीख दुरुस्त करायला साधारणपणे एकदाच संधी मिळते, म्हणून दाखला हाती असल्याशिवाय घाई करू नका.

मधल्या वर्षांचा पहिला आधार म्हणजे महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना. आता ती राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, पांढऱ्या कार्डालाही. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. मात्र दवाखाना योजनेतला हवा आणि उपचार यादीतला हवा. वसमतला किंवा नांदेडला नेण्याआधी 155388 वर फोन करून विचारा, आणि दवाखान्यात पोचल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या या योजनेत बसत नाहीत. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या.

काका अडकले ते इथेच. पंचवीस वर्षे शहरात राहिल्याने गावच्या रेशनकार्डावरून दोघांचीही नावे कमी झाली होती, आणि शहरात कार्ड काढलेच नव्हते. तहसील कार्यालयात अर्ज करून नाव चढवायला वेळ लागतो. ऐन दुखण्यात ही धावपळ झेपत नाही, म्हणून निवृत्तीला वर्ष उरले असतानाच हे काम करा.

दुसरा आधार कारखान्याच्या विम्याचा. काकांना कंपनीचा गट विमा होता. नोकरीचा शेवटचा दिवस संपला तसा तोही संपला. हा विमा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येतो. मग जुन्या आजारासाठी जितकी वर्षे आधीच भरली, ती धरली जातात. त्यासाठी अर्ज विमा चालू असतानाच, महिना-दीड महिना आधी करावा लागतो. काकांना हे कोणी सांगितले नाही. आता नवी पॉलिसी घेतली, तर त्यांच्या शुगरशी जोडलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. वय जास्त म्हणून दार बंद, असे मात्र राहिलेले नाही. पासष्टीची जुनी मर्यादा एप्रिल 2024 पासून गेली. हप्ता वयाप्रमाणे चढत जातो, तेव्हा पेन्शनमधून दरवर्षी झेपेल तेवढ्याच रकमेचा विमा घ्या.

ज्यांचा पगारातून ईएसआयचा पैसा कपात होत होता, त्यांची गोष्ट वेगळी. किमान पाच वर्षे ईएसआयमध्ये राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला 120 रुपये भरून नवरा-बायको दोघांचा उपचार चालू ठेवता येतो. गावी परतण्याआधी शाखा कार्यालयात अर्ज द्या आणि जवळचा ईएसआय दवाखाना कोणता ते विचारून घ्या. तो फार लांब असेल, तर एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

नव्या पॉलिसीच्या फॉर्मवर एजंट "शुगर लिहू नका, हप्ता वाढेल" म्हणतो. वॉर्डात काम करताना आम्ही पाहिले आहे, की पेशंट भरती होताना घरचेच सांगतात, "दहा वर्षांपासून शुगर आहे." डॉक्टर ते केसपेपरवर लिहितात, विमा कंपनी तोच केसपेपर मागवते आणि दावा नाकारते. फॉर्म स्वतः वाचा किंवा शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, आणि खरे तेच लिहा. पॉलिसी हातात आल्यावर तीस दिवसांत ती परत करता येते. त्या दिवसांत थांबण्याच्या अटी आणि खोलीभाड्याची मर्यादा पाहा. भाडे मर्यादेपेक्षा जास्त गेले, तर बिलातल्या इतर रकमाही त्याच प्रमाणात कापल्या जाऊ शकतात.

काकांची नावे रेशनकार्डावर चढवण्याचा अर्ज दिला आहे. काकूंना कुठला आजार नाही, म्हणून त्यांच्यासाठी छोटी पॉलिसी आताच घ्यायचे ठरले. काकांसाठी सध्या फुले योजना, आणि हप्ता झेपला तर पुढच्या वर्षी पॉलिसी.