टेम्पोचा शेवटचा हप्ता

चि. संतोष,

टेम्पोचा शेवटचा हप्ता फिटला आणि बँकेने नाहरकत दाखला दिला, हे ताईकडून कळलं. पेढे खाल्लेस ते बरं केलंस. आता महिन्याला सुटणारे १४,२०० रुपये कुठे जाणार, ते मला विचारायचं होतं.

हा टेम्पो अजून पाच वर्षं चालेल, असं तूच म्हणालास. नारायणगाव ते वाशी टोमॅटो वाहून इंजिन थकणारच. म्हणजे साधारण ६० महिन्यांनी नवी गाडी घ्यायची, हे आजच ठरलेलं आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेला खर्च असला की तो महिन्यांवर वाटून आधीच बाजूला काढता येतो. हिशेब बघ.

आज तशी गाडी रस्त्यावर येईपर्यंत नऊ लाखांना पडते. शोरूमची किंमत धरू नकोस. विमा, आरटीओचा कर आणि हौद्याचं काम धरूनच आकडा घे. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते आजच्या किमतीवर भागाकार करतात. वर्षाला पाच टक्के वाढ धरली तर पाच वर्षांनी तीच गाडी ११ लाख ४९ हजारांना मिळेल. जुन्या टेम्पोचे व्यापारी तीन लाख सांगतील, तू अडीचच धर. कमी पडतात ते जवळपास नऊ लाख.

पोस्टाची पाच वर्षांची आरडी या कामाला अगदी बेतून शिवल्यासारखी आहे, कारण तिची मुदतच ६० महिन्यांची. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा दर ६.७ टक्के झाला. खातं उघडशील त्या दिवशी जो दर असेल तो शेवटपर्यंत तोच राहतो, म्हणून आधी खिडकीवर विचारून घे. ६.७ टक्क्यांनी महिना हजार रुपये भरले तर अखेरीस ७१,३६६ होतात. नऊ लाखांना ७१,३६६ ने भाग, आलेला आकडा हजाराने गुण : १२,६११. हप्ता दहाच्या पटीत असतो, म्हणून १२,६२० भर. तुझ्या जुन्या हप्त्याहून हे कमीच आहे.

आजच्याच किमतीवर हिशेब केला असतास तर साडेसहा लाखांसाठी ९,११० पुरले असते, असं वाटलं असतं. पाच वर्षांनी अडीच लाख कमी पडले असते आणि पुन्हा कर्जाच्या दारात उभं राहावं लागलं असतं. तीच गत उशिराची. सुरुवात वर्षभराने केलीस, तर उरलेल्या ४८ महिन्यांत तेवढ्याच व्याजदराने दरमहा सोळा हजार तीनशेच्या वर भरावे लागतील. आणि काहीच न साठवता नऊ लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी घेतलंस, तर पाच वर्षं दरमहा १९ हजारांवर हप्ता. यावरून काय ते समज.

खातं महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत उघडलंस, तर पुढचे हप्तेही दर महिन्याला पंधरापूर्वी पडले पाहिजेत. चुकलं तर शंभराला एक रुपया दंड, तुझ्या हप्त्यावर सव्वाशेच्या आसपास. ते परवडेल, पण चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांच्या आत चालू करून घ्यावं लागतं. हंगामात हातात पैसा असताना सहा महिन्यांचे हप्ते आगाऊ भरून टाक. त्यावर पोस्ट थोडी सूटही देतं. व्याजावर कर लागतो, तेवढं लक्षात ठेव.

बारा हप्ते झाले की निम्म्या शिलकेपर्यंत कर्ज मिळतं, हे कुणीतरी तुला सांगेलच. तिकडे फिरकू नकोस. साठवलेल्याला हात लावला की काय होतं, ते मला विचार. मी स्वतः स्कूटरसाठी बचत खात्यात साठवत होतो. पत्रे गळायला लागले, दोन वर्षांची शिल्लक छपरावर गेली. छप्पर झालं, पण स्कूटर अजून तीच आहे, किक मारून मारून पाय दुखतो.

दर दिवाळीला गाडीची किंमत शोरूमला जाऊन विचारायची. आपल्या हिशेबात दोन वर्षांनी ती ९ लाख ९२ हजार असायला हवी. ती १० लाख ४० हजार निघाली, तर शेवटी सुमारे पंचावन्न हजार कमी पडतील. मग जुनं खातं न मोडता, उरलेल्या ३६ महिन्यांसाठी बँकेत १,४०० ची दुसरी आरडी काढ. शेअर बाजारात जास्त मिळेल असं मित्र म्हणतील. ते खरंही असेल, पण टेम्पो बंद पडेल त्याच महिन्यात बाजार पडलेला असला तर पैसे काढायचे कसे?

सोमवारी आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन पोस्टात जा. वारस म्हणून सुनबाईचं नाव घाल. पासबुक ताईच्या कपाटात ठेव, टेम्पोच्या डॅशबोर्डमध्ये नको.

तुझा,
मामा