दाबून बघ, मगच घाबर

चि. मृणाल,

तू पाठवलेला फोटो मिळाला. तिसाव्या आठवड्यातली बाई, गळ्याखाली आणि उजव्या दंडावर मिळून सहा लाल ठिपके, तळहात लालबुंद आणि एलएफटीच्या रिपोर्टवर दोन ठिकाणी बाण. बाईची सासू म्हणते अंगावर कोळी फिरला, आणि तुला वाटतं लिव्हर गेलं. फोटोवरून मला दोघींपैकी कुणाचंच खरंखोटं करता येत नाही, कारण फोटो दाबून बघता येत नाही. तू मात्र ठिपका बोटाने दाबलास आणि ‘फिका पडला’ एवढंच लिहिलंस. त्याने काम भागत नाही. मच्छर चावल्याचा लाल डागही बोटाखाली फिका पडतो.

पुन्हा बघशील तेव्हा तिला खिडकीपाशी उजेडात बसव. सावळ्या कातडीवर ट्यूबलाइटखाली हे ठिपके हमखास निसटतात. भिंग असेल तर घे. दोन बोटांनी आजूबाजूची कातडी हलकेच ताण, म्हणजे मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहून लहान लाल बिंदू दिसेल आणि त्यातून चहूकडे गेलेले केसासारखे बारीक पाय दिसतील. आता बोट वापरू नकोस, ते सगळा डागच झाकून टाकतं. काहीतरी बोथट आणि अरुंद घे, टोक आत घेतलेलं बॉलपेनही चालेल, आणि फक्त मधला बिंदू दाब. पायांना हात न लावताही ते नाहीसे झाले पाहिजेत. मग पेन उचल आणि डोळ्याची पापणी न लववता बघ: आधी मधला बिंदू लाल होतो, मग तिथून बाहेरच्या बाजूला पाय भरत जातात. हा क्रम दिसला तर तो स्पायडर नीव्हस, नाही दिसला तर दुसरं काही.

असं होतं कारण तो बिंदू म्हणजे कातडीच्या खोल थरातून सरळ वर आलेल्या एका बारीक, फुगलेल्या धमनीचं तोंड असतं. पायांना रक्त तिथूनच मिळतं. मधला नळ बंद केला की टोट्या आपोआप कोरड्या. ठिपका मोठा असेल तर त्यावर काचेची स्लाइड अलगद टेकव, मधला बिंदू नाडीसारखा उडताना दिसेल. प्लेटलेट कमी झाल्यावर येणारे लाल ठिपके काही केल्या फिके पडत नाहीत, कारण ते रक्त नळीबाहेर सांडलेलं असतं. वयस्कर माणसांच्या पोटा-पाठीवर येणारे गडद लाल, किंचित उंचवटलेले मणी मात्र पाय नसलेले असतात. मांडीवरच्या निळसर जाळ्या शिरांच्या, त्यांचा यात संबंध नाही. स्पायडर नीव्हस बहुतेक चेहरा, मान, छातीचा वरचा भाग आणि हात इथेच येतात. बेंबीखाली शोधत बसू नकोस.

आता तुझ्या बाईचं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दुसऱ्या ते पाचव्या महिन्यात हे ठिपके उमटायला लागतात. तळहातांची लालीही त्याच घरची. 1949 साली अमेरिकेत गरोदर बायकांची अशी पाहणी झाली होती, तेव्हा गोऱ्या बायकांपैकी दोन तृतीयांश जणींना हे ठिपके दिसले आणि काळ्या बायकांपैकी जेमतेम अकरा टक्के जणींना. माझ्या मते यात दिसण्या-न-दिसण्याचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे ‘आमच्या ओपीडीत असं नसतं’ म्हणणाऱ्यांनी खिडकी उघडून बघावं.

राहिला रिपोर्ट. अल्कलाइन फॉस्फेटेज 240, अल्ब्युमिन 3.0, दोन्हीवर बाण. लॅबच्या ‘नॉर्मल’ आकड्यांना बाई गरोदर आहे हे ठाऊक नसतं. शेवटच्या तिमाहीत वार स्वतःच अल्कलाइन फॉस्फेटेज तयार करते, त्यामुळे आकडा दुप्पट झाला तरी तो लिव्हरचा दोष नव्हे. अंगातलं पाणी वाढल्याने रक्त पातळ होतं, म्हणून अल्ब्युमिन उतरतं. गरोदरपणात जे वाढायला नको ते बिलिरुबिन, एसजीओटी आणि एसजीपीटी, आणि तुझ्या रिपोर्टवर ती तिन्ही जागच्या जागी आहेत. म्हणजे लाल तळवे, कोळी आणि दोन बाण एवढं सगळं जमूनसुद्धा ही बाई ठणठणीत असू शकते.

तरी तिला तीन गोष्टी विचार. ठिपके दिवस राहण्याआधीपासून आहेत का? रात्री तळहात-तळपाय खाजतात का? डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी झाली का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तिचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट कार्डावर खरंच लिहिलाय का ते बघ, आणि सीची तपासणी सांग. खाज असेल तर बाइल अॅसिड तपासायला हवं. कावीळ दिसली तर थांबूच नकोस, त्याच दिवशी पुढे पाठव. तिन्ही ‘नाही’ असतील तर सासूबाईंना सांग, बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांत बहुतेक ठिपके जातात, वर काही चोपडू नका. चौदाव्या आठवड्याच्या लसीला ती बाळाला घेऊन येईल तेव्हा तिच्या गळ्याकडे एक नजर टाक.

हेच सहा ठिपके पन्नाशीच्या पुरुषाच्या छातीवर असते तर मी वेगळं पत्र लिहिलं असतं. निरोगी माणसालाही एखाददुसरा असतो, मुलांना तर सर्रास असतो. पण गरोदर नसलेल्या मोठ्या माणसाला पाचाहून जास्त, त्यातही नव्याने आलेले असतील, तर लिव्हरची चौकशी झालीच पाहिजे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही येतात, म्हणून बाईला तेही विचारावं.

मागे माझ्याकडे असा एकजण ‘थकवा’ म्हणून आला होता. एसजीपीटी 38, म्हणून आधीच्या ठिकाणी त्याला ‘लिव्हर नॉर्मल’ सांगून टॉनिक दिलेलं. छातीवर आठ-नऊ कोळी, स्तन किंचित वाढलेले, काखेतले केस विरळ. सिऱ्होसिसमध्ये एसजीपीटी असं साधंच दिसू शकतं; लिव्हर काम किती करतंय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी आम्ही पुढच्या तपासण्या केल्या. प्लेटलेट 88 हजार, आयएनआर 1.5, सोनोग्राफीत प्लीहा मोठी. अल्ब्युमिन 2.8, म्हणजे तुझ्या बाईच्या जवळपास तेवढंच. पण तिचं पातळ झालेलं आणि याचं तयारच न झालेलं. लगोलग एंडोस्कोपीला पाठवला, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या की हॉस्पिटलात पोचेपर्यंतही वेळ मिळेलच असं नाही. दारूचं विचारलंच, पण दारू न पिणाऱ्यालाही हिपॅटायटिसने किंवा मधुमेहासोबतच्या फॅटी लिव्हरने हेच होतं, तेव्हा ‘पीत नाही’ ऐकून फाइल मिटू नकोस.

आणि हे सगळं बनियनच्या आत असतं. ओपीडीत गर्दी असली, नर्स घाई करत असली, तरी थकवा सांगणाऱ्या पुरुषाला शर्ट काढायला सांगत जा.

तुझी आत्या