स्टेशनरीचं खातं बंद करायच्या आधी

अगं, काल फोनवर तू म्हणालीस की मामंजी स्टेशनरी बंद करायची म्हणतायत, कारण त्यात महिन्याला चारच हजार सुटतात. मला राहवलं नाही, म्हणून रात्री तुझे आकडे घेऊन बसले. दुकानदारांच्या वह्या लिहिण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे हे चार हजार कुठून आले ते लगेच दिसलं.

तू वर्षाची बेरीज बाराने भागलीस ते उत्तम केलंस. स्टेशनरीचा खरा धंदा जूनमध्ये शाळा उघडताना होतो, एकट्या फेब्रुवारीवरून तिची परीक्षा घेता येत नाही. महिन्याची सरासरी अशी: किराण्याची विक्री पाच लाख आणि ढोबळ नफा ३४,००० रुपये, स्टेशनरीची विक्री एक लाख आणि ढोबळ नफा २५,०००. दुकानभाडं १८,०००, दोन मुलांचे पगार २४,०००. मामंजींनी हे ४२,००० सरळ अर्धे-अर्धे केले, म्हणून स्टेशनरीच्या वाट्याला २१,००० आले.

वाटणीच्या आधी एक चूक काढ. तुमच्या घरात साधारण सहा हजारांचा किराणा दुकानातूनच जातो ना? तो कुठेच लिहिलेला नाही. मग वहीच्या दृष्टीने तो माल विकला गेला, पण पैसे आले नाहीत, आणि किराण्याचा नफा तेवढा कमी दिसला. तो खरेदीच्या भावाने घरखर्चाच्या उचलीत टाक आणि किराण्याला जमा दे. नफा ४०,००० होईल. दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या वह्या-पेनंही याच रीतीने स्टेशनरीला जमा दे.

आता भाडं. ते जागेचं आहे, तर जागेवरच वाटायचं. टेप घेऊन मोज. तू सांगितलंस तसं धरलं तर तीनशे चौरस फुटांत किराण्याची मांडणी, पोती आणि फ्रीज मिळून १८० फूट, स्टेशनरी ६०, आणि उरलेले ६० फूट गल्ला आणि चालायची वाट. ही सामाईक जागा त्याच प्रमाणात दोघांत जाते. पण गंगापूर रोडवर मागची भिंत आणि रस्त्याकडची दर्शनी बाजू यांची किंमत एक नाही, आणि तुझी स्टेशनरी सगळी पुढे आहे. म्हणून तिचे ६० फूट दीडपट, म्हणजे ९० धर. १८० ला ९०, म्हणजे दोनास एक. किराण्याकडे १२,०००, स्टेशनरीकडे ६,०००. दीडपट हा माझा अंदाज आहे. तुमच्या ओळीत पुढचा गाळा आणि आतला गाळा कितीला जातो ते विचारून तो पक्का कर.

कोणी म्हणेल, विक्रीच्या प्रमाणात वाटा की, सोपं आहे. नको. साखर महागली की विक्रीचा आकडा फुगतो आणि किराण्यावर भाडं वाढतं, रॅक मात्र एक इंचही सरकलेला नसतो.

पगार वेळेवर वाटायचा. एक मुलगा दिवसभर वजन करतो, पुड्या बांधतो, घरपोच माल देतो; त्याचे १२,००० पूर्ण किराण्याचे. दुसरा दोन्हीकडे धावतो. तो कुठे किती वेळ असतो हे एक साधा आठवडा आणि जूनमधला एक आठवडा वहीत टिपून घे. तोवर अर्धं-अर्धं धर. विजेच्या बिलाचंही तसंच, फ्रीजची वीज किराण्याचीच. कर्जाचं व्याज आणि हिशेबनीसाची फी मात्र ओढूनताणून वाटू नकोस, ती एकूण नफ्यातूनच वजा कर.

आता बघ. किराणा: ४०,००० मधून भाडं १२,००० आणि पगार १८,००० गेले, राहिले १०,०००. स्टेशनरी: २५,००० मधून सहा आणि सहा हजार गेले, राहिले १३,०००.

तरीही बंद करायचं की नाही हे या १३,००० वरून ठरवू नकोस. वाटणी कशीही केली तरी स्टेशनरी गेल्यावर घरमालक भाडं कमी करणार नाही, आणि दुसऱ्या मुलाचा अर्धा दिवस किराण्यात असल्यामुळे त्यालाही काढता येणार नाही. म्हणजे खर्च जवळजवळ तेवढाच आणि २५,००० मात्र गेले. ते किराण्यातून भरून काढायचे तर तुझ्या आठ टक्के नफ्याने महिन्याला तीन लाखांहून जास्त विक्री वाढायला हवी, तीही त्या ६० फुटांत. ती होणार नाही.

स्टेशनरी राहू दे. फक्त ३१ मार्चला दोन्ही विभागांचा शिल्लक माल वेगवेगळा मोज आणि आजपासून खरेदीची बिलं दोन फायलींत लाव. घाऊक व्यापाऱ्याने दोन्हीचा माल एकाच बिलात दिला तर त्याच दिवशी बिलावर दोन बेरजा लिहून टाक, नाहीतर पुढच्या वर्षी हा हिशेब पुन्हा अंदाजानेच करावा लागेल.