घटक ५ : संतप्त संदेशाचे तक्रार अर्जात रूपांतर

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण औपचारिक पत्राची अंगे पाहिली. या घटकात बोलीतील रागाचे संदेश आणि लेखी तक्रार यांतील अंतर कसे ओलांडावे, हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण बीड शहरातील, घरपोच माल पोहोचविणाऱ्या एका कामगाराचे असून ते अभ्यासासाठी रचले आहे.

बीड जिल्ह्याला मजुरीतील कपातीचा वाद नवा नाही. उचल घेऊन कारखान्यावर गेलेल्या ऊसतोड जोडप्याचा एखादा दिवस बुडाला, की 'खाडा' म्हणून रक्कम कापली जाते. तो हिशेब मुकादमाच्या वहीत असतो आणि मजुराजवळ केवळ स्मरण उरते. डिलिव्हरी कामगाराची स्थिती एका बाबतीत वेगळी आहे. कपात करणारी व्यवस्था त्याला दिसत नाही. परंतु हिशेबाचा काही भाग त्याच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये असतो. तक्रारीचे बळ त्या नोंदींत आहे.

५.२ मूळ संदेश

कामगाराने ॲपच्या मदतकक्षाला पुढील संदेश पाठविले :

"काय लावलंय हे? आमच्या पोटावर पाय देता का?"

"बार्शी नाक्यावर तासभर उभा राहिलो, गिऱ्हाईक फोन उचलंना, आन् माझेच १४० कापले."

"मंगळवारी बी ८५ कापले. माल दुकानात परत दिला, सही घेतली, तरी परत नाही म्हणता. चोर हायेत तुम्ही."

"४२० वेगळेच गेले. समदे ६४५ आजच्या आज पाहिजेत."

उत्तर आले : 'आपली वजावट नियमानुसार आहे.' या उत्तराने कामगाराचा संताप वाढला, हे स्वाभाविक आहे. मात्र मदतकक्षात बसलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वजावट त्याने केलेली नसते. बहुधा ती संगणकीय नियमाने आपोआप झालेली असते. कोणत्या ऑर्डरची कोणती नोंद तपासावी, हे त्याला या चार संदेशांतून कळत नाही.

५.३ संदेशाचे वाचन

प्रथम संदेशातील प्रत्येक विधान घटना, निष्कर्ष, भावना आणि मागणी यांपैकी कशात बसते, ते ठरवावे. 'सही घेतली' ही घटना आहे. 'चोर हायेत' हा निष्कर्ष आहे. 'पोटावर पाय' ही भावना आहे, तर 'आजच्या आज पाहिजेत' ही मागणी. तक्रारीत घटना आणि मागणी राहतात. निष्कर्ष मात्र वाचणाऱ्याला नोंदींवरून स्वतः काढता आला पाहिजे.

रागाच्या शब्दांतही माहिती दडलेली असते. 'उचलंना' हे रूप पाहा. प्रमाण मराठीतील 'उचलेना' या रूपाप्रमाणे ते वारंवार केलेला आणि निष्फळ ठरलेला प्रयत्न सुचविते. म्हणून कामगाराला विचारावे : फोन किती वेळा केला? कॉलच्या यादीत तीन फोन दिसतात : ७.१४, ७.१९ आणि ७.२६. ॲपमधून केलेल्या फोनमध्ये ग्राहकाचा खरा क्रमांक अनेकदा दिसत नाही. त्यामुळे येथे क्रमांकापेक्षा वेळ हा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

'माझेच' यातील 'च' अन्यायाची जाणीव व्यक्त करतो. बोलताना तो आवश्यक आहे; लेखनात त्याची जागा तारीख आणि रक्कम घेतात.

आता 'तासभर' हा शब्द घ्या. ॲपमध्ये 'पोहोचलो' ही नोंद ७.१२ची आहे आणि ऑर्डर ७.३१ला रद्द झाली आहे. म्हणजे प्रतीक्षा १९ मिनिटांची. ताटकळणाऱ्याला ती तासाएवढी वाटली, यात खोटेपणा नाही. पण तक्रारीत 'एक तास' लिहिले आणि कंपनीच्या नोंदीत १९ मिनिटे निघाली, तर उरलेल्या खऱ्या विधानांवरही संशय येतो. येथे १९ मिनिटे पुरेशी आहेत.

५.४ रकमेची पडताळणी

१४०, ८५ आणि ४२० मिळून ६४५ रुपये होतात. तिन्ही रकमा एकाच स्वरूपाच्या आहेत का, हे तपासावे. कमाईच्या पानावर ४२० रुपयांपुढे 'रोख समायोजन' असे लिहिले आहे. त्याच दिवशी एका ग्राहकाने नेमके ४२० रुपये रोख दिले होते आणि ते कामगाराच्या खिशातच राहिले होते. कंपनीने ती रक्कम त्याच्या कमाईतून वळती केली. ही दंडाची वजावट नाही. पैसे त्याला आधीच मिळाले आहेत.

म्हणून मागणी २२५ रुपयांची होते. रक्कम घटल्याने कामगार खट्टू होईल. तथापि ६४५ मागितले असते, तर ४२०चा खुलासा देऊन संपूर्ण तक्रार बंद होण्याचा धोका होता.

उरलेल्या दोन वजावटींच्या दोन स्वतंत्र तक्रारी कराव्यात. दोन ऑर्डर एकाच अर्जात लिहिल्यास एकीचे उत्तर देऊन दुसरी अनुत्तरित राहू शकते.

५.५ तक्रारीचा नमुना

विषय : ऑर्डर क्र. ४४१७ (१२ जून २०२५) साठी वजा झालेले १४० रुपये परत मिळणेबाबत

महोदय,

वरील ऑर्डरसाठी माझ्या कमाईतून १४० रुपये वजा झाले आहेत. ही वजावट रद्द करून रक्कम खात्यात जमा करावी, ही विनंती.

ॲपमध्ये वजावटीचे कारण 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला नाही' असे दिले आहे. त्या दिवशीच्या नोंदी अशा :

सायं. ७.१२ : बार्शी नाका येथील पत्त्यावर पोहोचलो व ॲपमध्ये तशी नोंद केली (चित्र १).
७.१४, ७.१९, ७.२६ : ग्राहकास फोन केले, उत्तर मिळाले नाही (चित्र २).
७.३१ : ॲपमधील सूचनेनुसार ऑर्डर रद्द केली (चित्र ३).

मी पत्त्यावर १९ मिनिटे थांबलो. वजावटीचे कारण या नोंदींशी जुळत नाही. वजावट कायम ठेवायची असल्यास ती कोणत्या नियमाने व कोणत्या नोंदीच्या आधारे केली, हे लेखी कळवावे.

आपला,
(नाव, कामगार क्रमांक, शहर : बीड)

या नमुन्यातील क्रियापदांकडे लक्ष द्या. कामगाराच्या स्वतःच्या कृतींचा कर्ता तो स्वतःच आहे : 'पोहोचलो', 'फोन केले'. त्यांची जबाबदारी तो घेतो आणि त्यांचा पुरावाही देतो. 'तुम्ही पैसे कापले' याऐवजी मात्र 'रुपये वजा झाले' असे लिहिले आहे, कारण ते कोणी कापले हे त्याने पाहिलेले नाही. शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे. 'नियमानुसार आहे' हे साचेबंद उत्तर त्यानंतर पुरेसे ठरत नाही. तसे उत्तर पुन्हा आलेच, तर त्याच तक्रार क्रमांकाचा उल्लेख करून हाच प्रश्न वरच्या पातळीवरील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे न्यावा.

चित्रे जोडताना संपूर्ण पडदा दिसू द्यावा; कापलेल्या चित्रात तारीख व वेळ हरवते. ग्राहकाचे नाव किंवा घर क्रमांक लिहू नये. ऑर्डर क्रमांक पुरेसा असतो.

५.६ मर्यादा

चांगल्या भाषेने नसलेला पुरावा निर्माण होत नाही. कामगाराने 'पोहोचलो' ही नोंद केलीच नसती, तर केवळ फोनच्या वेळांवरून तो पत्त्यावर होता, हे सिद्ध झाले नसते. अशा वेळी 'फोन केले' एवढेच लिहावे आणि त्या वेळचे स्थान कंपनीने आपल्या नोंदीतून तपासावे, अशी विनंती करावी. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार व प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या आहेत. परंतु त्या तरतुदींचा रोख विमा, कल्याण योजना यांसारख्या सुरक्षेकडे आहे. एखाद्या ऑर्डरच्या १४० रुपयांचा वाद प्रथम नोंदींच्याच आधारे मांडावा लागतो.

५.७ स्वाध्याय

मंगळवार, १० जून २०२५ रोजी ८५ रुपये वजा झाले. ॲपमधील कारण : 'माल परत केला नाही'. कामगाराजवळ दुकानदाराची सही असलेली पावती आहे. तिच्यावर तारीख आहे, वेळ नाही. या वजावटीची तक्रार सुमारे १०० शब्दांत लिहा. लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यापुढे त्याचा पुरावा नोंदवा. ज्या वाक्यापुढे जागा रिकामी राहील, ते वाक्य मागणीचे आहे की निष्कर्षाचे, हे ठरवा. निष्कर्षाचे असल्यास ते गाळा. वेळ नसल्याने पावती किती सिद्ध करते आणि किती नाही, हेही दोन वाक्यांत सांगा.