व्हिजन आणि मिशन : फरक कसा ओळखावा?

प्रश्न : अकोल्यात आम्ही तूर उत्पादकांची कंपनी काढली आहे. व्हिजन आणि मिशन वेगळे कसे लिहावे?

उत्तर : व्हिजन म्हणजे गाठायची स्थिती, मिशन म्हणजे त्यासाठी आज कोणासाठी काय करायचे ते. उदाहरणार्थ, पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. माझ्या शब्दांत, शेतकऱ्याचे मूल शिक्षणावाचून राहू नये हे तिचे व्हिजन. त्यासाठी शाळा-महाविद्यालये चालवणे हे मिशन.

तुमच्या मिशनमध्ये ‘सर्वोत्तम दर्जा’ लिहू नका, ते कोणत्याही दुकानाला चालते. ‘सभासदांची तूर प्रतवारी करून, डाळ बनवून विकणे’ असे नेमके लिहा. उद्या कुणी खतविक्री सुचवली, तर या वाक्यावरून होकार-नकार ठरवता आला पाहिजे. ठरत नसेल, तर मसुदा पुन्हा लिहा.