मूळ वेळ, वाढीव वेळ आणि बुद्धिबळाचा हिशेब

बुद्धिबळाच्या स्पर्धेचे माहितीपत्रक हाती आले की त्यावर ‘१५ + १०’ किंवा ‘९० + ३०’ अशी एक खूण आढळते. पालकांना ती कोड्यासारखी वाटते आणि पुष्कळ विद्यार्थी तिचा अर्थ अर्धवट समजून पटावर बसतात. निवासी शाळेतील मूल बहुधा पट आणि सोंगट्या यांवरच सराव करते. अंकीय घड्याळ त्याला प्रथम भेटते ते स्पर्धेच्या टेबलावर. अशा वेळी जिंकत आलेला डाव केवळ घड्याळाचा हिशेब न कळल्यामुळे हातचा जाऊ शकतो. म्हणून ही खूण नीट उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

खुणेतील पहिला आकडा मिनिटांचा असतो. त्यास मूळ वेळ म्हणावे. दुसरा आकडा सेकंदांचा असतो, तो प्रत्येक चालीमागे मिळणारा वाढीव वेळ होय. इंग्रजीतील ‘इन्क्रिमेंट’ हाच शब्द खेळाडूंच्या तोंडी रुळला आहे. ‘१५ + १०’ याचा अर्थ असा की प्रत्येक खेळाडूस आरंभी १५ मिनिटे मिळतील आणि त्याच्या प्रत्येक चालीमागे १० सेकंदांची भर पडेल. जागतिक रॅपिड अजिंक्यपद स्पर्धा याच वेळेवर खेळवली जाते. २०१९ आणि २०२४ साली कोनेरू हंपी हिने महिलांचे विजेतेपद मिळवले ते याच हिशेबात. जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत हीच खूण ‘३ + २’ अशी असते.

वाढीव वेळ आला कोठून

घड्याळाविना बुद्धिबळ खेळले जात असे तेव्हा एका चालीवर किती काळ बसावे यास धरबंध नव्हता. १८८३ साली लंडनच्या स्पर्धेत दोन तबकड्यांचे यांत्रिक घड्याळ वापरात आले आणि दोघांचा वेळ स्वतंत्रपणे मोजला जाऊ लागला. त्यातून न्याय झाला, परंतु एक नवा अन्यायही जन्मास आला. निश्चित वेळ संपली की डाव संपला, मग पटावर तुमची बाजू कितीही वरचढ असो. एक हत्ती अधिक असलेला खेळाडू केवळ शेवटचे काही सेकंद अपुरे पडले म्हणून हरू लागला.

अमेरिकेचा माजी जगज्जेता बॉबी फिशर याने यावर उपाय शोधला. चाल पूर्ण केली की घड्याळात थोडी भर पडावी, म्हणजे कोणीही अगदी शून्यावर येऊन केवळ हाताच्या चपळाईवर अवलंबून राहणार नाही, ही त्याची कल्पना होती. अशा घड्याळाचे पेटंट त्यास १९८९ साली मिळाले आणि १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात बोरिस स्पास्कीशी झालेल्या सामन्यात ते घड्याळ वापरले गेले. जुन्या किल्लीच्या घड्याळात ही सोय करता येत नाही, त्यास अंकीय घड्याळच लागते.

एकूण वेळेचे सूत्र

सूत्र साधे आहे:

एकूण वेळ = मूळ वेळ + (चालींची संख्या × वाढीव वेळ)

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, चाल म्हणजे त्या खेळाडूची स्वतःची चाल. पांढऱ्याची एक आणि काळ्याची एक मिळून पटावरील क्रमांक एकने वाढतो, पण प्रत्येकास भर मिळते ती आपापल्या चालीचीच. दुसरी, मूळ वेळ मिनिटांत आणि वाढ सेकंदांत असल्यामुळे गुणाकारानंतर सेकंदांची मिनिटे करावी लागतात.

परंतु चालींची संख्या आधी कशी कळणार? डाव २५ चालींत संपेल की १०० चालींपर्यंत जाईल, हे कोणासही ठाऊक नसते. म्हणजेच एकूण वेळ हा ठरलेला आकडाच नव्हे, तो डावाबरोबर वाढत जाणारा आकडा आहे. तरीही स्पर्धांचे वर्गीकरण करावयाचे तर एक मोजमाप हवे. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, त्यासाठी ६० चालींचा डाव गृहीत धरला आहे. या ६० आकड्याने हिशेब फारच सोपा होतो. ६० चालींना प्रत्येकी १० सेकंद म्हणजे ६०० सेकंद, अर्थात १० मिनिटे. जितके सेकंद वाढ, तितकीच मिनिटे भर. म्हणून ‘१५ + १०’ म्हणजे २५ मिनिटे, ‘९० + ३०’ म्हणजे १२० मिनिटे आणि ‘३ + २’ म्हणजे ५ मिनिटे.

या बेरजेवरून प्रकार ठरतो. बेरीज १० मिनिटे वा त्याहून कमी असेल तर तो डाव ब्लिट्झ, १० पेक्षा अधिक पण ६० पेक्षा कमी असेल तर रॅपिड आणि ६० वा अधिक असेल तर पारंपरिक. तिन्हींचे मानांकन वेगळे असते, म्हणून कोणत्या मानांकनावर परिणाम होणार हे याच बेरजेवर अवलंबून असते.

मोबाइलवर सराव करणाऱ्या मुलांची येथे गफलत होते. लिचेस या संकेतस्थळावर ६० ऐवजी ४० चाली गृहीत धरतात आणि वर्गांच्या सीमाही निराळ्या आहेत. तेथे वाढ न देता १० मिनिटांचा डाव रॅपिड म्हणून गणला जातो, फिडेच्या हिशेबात मात्र तो ब्लिट्झ ठरतो. उलट ‘२० + १०’ हा डाव तेथे पारंपरिक समजला जातो आणि फिडेकडे त्याची बेरीज ३० मिनिटे भरून तो रॅपिड होतो. नाव तेच, मोजपट्टी वेगळी. म्हणून नावावर विश्वास न ठेवता बेरीज स्वतः करून पाहावी.

पंचवीस मिनिटे हातात नसतात

आता ज्या चुकीने डाव जातो तिच्याकडे वळू. ‘१५ + १०’ म्हणजे २५ मिनिटे हे पाठ केलेला विद्यार्थी आपल्याजवळ २५ मिनिटे आहेत असे समजून खेळतो. वस्तुतः ती त्याच्याजवळ कधीच एकत्र नसतात. एक डाव चालीचालीने मोजून पाहू.

बहुतेक अंकीय घड्याळांत पहिल्या चालीची भर आरंभीच पडलेली असते, म्हणून पडद्यावर १५ मिनिटे १० सेकंद दिसतात. समजा, एका विद्यार्थिनीने पहिल्या १० चाली सरासरी ६ सेकंदांत केल्या. तिने ६० सेकंद खर्च केले आणि अकराव्या चालीची भर धरून तिला ११० सेकंद मिळाले. घड्याळ आता १५ मिनिटे ५० सेकंद दाखवील. वेळ खर्च होऊनही घड्याळ वर गेले, कारण तिचा खर्च भरीपेक्षा कमी होता.

पुढे डाव गुंतागुंतीचा झाला. ११ ते ३० या २० चालींवर तिने सरासरी ४० सेकंद घेतले, म्हणजे ८०० सेकंद गेले आणि २०० सेकंद आले. तिसावी चाल झाल्यावर घड्याळात ५ मिनिटे ५० सेकंद उरले. येथून पुढे प्रत्येक चालीस तिने २० सेकंद घेतले, तर दर चालीमागे १० सेकंद घटतील आणि साठाव्या चालीनंतर ५० सेकंद शिल्लक राहतील. पण २५ सेकंद घेतले, तर दर चालीमागे १५ सेकंद घटतील आणि त्रेपन्नाव्या चालीवर घड्याळ शून्यावर येईल. तोवर तिने वापरलेला एकूण वेळ २३ मिनिटे ५० सेकंद असेल. सूत्रही तेच सांगते: १५ मिनिटे आणि ५३ गुणिले १० सेकंद. केवळ ५ सेकंदांच्या फरकाने डाव टिकला किंवा गेला.

यावरून पटावर बसलेल्याने एकच तुलना मनात ठेवावी: या चालीचा खर्च भरीपेक्षा अधिक की कमी. आणि चाल खेळून घड्याळाची कळ दाबल्याखेरीज भर मिळत नाही, हेही विसरू नये.

घड्याळ बरोबर लावले आहे का

हेच सूत्र घड्याळाची परीक्षा घेण्यासही उपयोगी पडते. पहिली चाल ३ सेकंदांत केली तर पडद्यावर १५ मिनिटे १७ सेकंद दिसले पाहिजेत. पहिल्या चारपाच चाली झटपट करूनही आकडा उतरतच असेल, तर वाढ लावलेलीच नाही. आकडा घटत नाही, पण आरंभीच्या आकड्यावर कधी चढतही नाही, तर घड्याळ ब्रॉनस्टाइन पद्धतीवर लागले आहे. त्या पद्धतीत खर्च झालेला वेळ ठरावीक मर्यादेपर्यंतच परत मिळतो, वाचवलेला वेळ साठत नाही. अशा वेळी लगेच घड्याळ थांबवून पंचांना बोलवावे. डाव संपल्यावर केलेली तक्रार सहसा उपयोगाची नसते.

सूत्राबाहेरची एक भरही असते. प्रतिस्पर्ध्याने नियमबाह्य चाल पूर्ण केली, तर रॅपिड व पारंपरिक डावात पंच दुसऱ्या खेळाडूस २ मिनिटे अधिक देतात. म्हणून अशी घटना घडली असेल तर हिशेबात ती धरावी.

सर्वांत लांब डावाचा ताळा

हिशेब खरा उतरतो का, हे एका प्रसिद्ध डावावर ताडून पाहू. ३ डिसेंबर २०२१ रोजी दुबईत मॅग्नस कार्लसन आणि इयान नेपोम्नियाची यांच्यात जगज्जेतेपदाच्या सामन्यातील सहावा डाव झाला. तो १३६ चालींचा झाला आणि जगज्जेतेपदाच्या इतिहासातील सर्वांत लांब डाव ठरला. नियम असा होता: पहिल्या ४० चालींना १२० मिनिटे, पुढील २० चालींना ६० मिनिटे, नंतर उरलेल्या डावास १५ मिनिटे आणि एकसष्टाव्या चालीपासून प्रत्येक चालीस ३० सेकंद.

मूळ वेळ झाली १९५ मिनिटे. वाढ मिळाली ती ६१ ते १३६ या ७६ चालींना, म्हणजे ३८ मिनिटे. एका खेळाडूचा एकूण वेळ २३३ मिनिटे आणि दोघांचा मिळून ४६६ मिनिटे, अर्थात ७ तास ४६ मिनिटे. प्रत्यक्षात तो डाव सुमारे पावणेआठ तास चालला. म्हणजे दोघांनीही आपल्या वाट्याचा जवळजवळ प्रत्येक क्षण वापरला होता आणि अखेरच्या चाली तीस सेकंदांच्या भरीवरच खेळल्या गेल्या. येथे सगळ्या १३६ चालींना वाढ लावली असती, तर ६० चालींची ३० मिनिटे प्रत्येकी अधिक धरली गेली असती. म्हणून वाढ कितव्या चालीपासून आहे, हे माहितीपत्रकात आवर्जून वाचावे.

आपल्या शाळेत स्पर्धा भरवताना फेऱ्यांचे वेळापत्रकही याच पद्धतीने आखता येईल. ‘१५ + १०’ या वेळेवर ६० चालींच्या डावास दोघांचे मिळून ५० मिनिटे लागतील आणि ९० चालींच्या डावास पूर्ण एक तास. म्हणून दोन फेऱ्यांच्या आरंभात सव्वा तासाचे अंतर ठेवले, तर लांबलेल्या डावातील मुलांनाही पुढच्या फेरीपूर्वी पाणी पिऊन दम घ्यायला उसंत मिळेल.