दोन वर्षांची चढण, महिन्याभराची घसरण

प्रश्न : डॉलर-येनच्या साप्ताहिक चार्टवर २०२२ पासून भाव चढत गेला आणि २०२४ मध्ये अचानक कोसळला. असे का?

उत्तर : मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडने व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेले. जपानचा दर मात्र मार्च २०२४ पर्यंत उणे ०.१ टक्काच होता. मग येनमध्ये स्वस्त कर्ज काढायचे, ते येन विकून डॉलर घ्यायचे आणि व्याजातला फरक खिशात घालायचा, हा कॅरी ट्रेड फोफावला. येनची विक्री सुरूच राहिल्याने डॉलर ११५ येनवरून जुलै २०२४ मध्ये जवळपास १६२ वर गेला.

आता हिशेब पाहा. वर्षाला पाच टक्के फरक म्हणजे आठवड्याला जेमतेम ०.१ टक्का. भावाच्या चार्टवर तो दिसतही नाही. साप्ताहिक चार्टवरची चढण त्यापायी होणाऱ्या येनच्या विक्रीची असते. पण ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर ०.२५ टक्के केला, त्याच आठवड्यात अमेरिकेतली रोजगाराची आकडेवारी कमकुवत आली आणि डॉलर साडेचार टक्क्यांहून जास्त घसरला. जवळजवळ वर्षभराचे व्याज एका मेणबत्तीत गेले! उधारीवर खेळणाऱ्यांना येन परत घेणे भाग पडले आणि ५ ऑगस्टला भाव १४२ च्या आसपास आला.

म्हणून भावाशेजारी दोन्ही देशांच्या दोन वर्षांच्या रोख्यांच्या परताव्यातला फरकही लावा. फरक आकसत असताना भाव चढतच असेल, तर नवी खरेदी मी तरी करणार नाही. उलटण्याची नेमकी वेळ मात्र त्यातून कळत नाही.